फ्लॅटसाठी पेस्ट कंट्रोल: वर्षाचा करार घ्यावा की गरजेपुरतं बोलवावं?

प्रश्न: दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघरात रात्री दिवा लावला की झुरळं पळताना दिसतात. एक कंपनी म्हणते चार भेटींचा वर्षाचा करार घ्या, स्वस्त पडेल. घरचे म्हणतात त्रास होईल तेव्हाच बोलवू. पैशाच्या आणि परिणामाच्या हिशेबाने काय बरं?

उत्तर:

आधी एक गोष्ट शोधा: झुरळं तुमच्या घरातच वाढताहेत की बाहेरून येताहेत? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कराराचा भाव आणि एका भेटीचा भाव शेजारी ठेवून काही कळत नाही. घरातच पैदास असेल तर थोड्या दिवसांत जवळजवळ घेतलेल्या तीन भेटी लागतात आणि त्यानंतर वर्षभर बहुतेक काहीच लागत नाही. बाहेरून येत असतील तर फटी बुजवणं हे पहिलं काम. जो उगम तुमच्या हातात नाही, त्याच्यापुरता करार उपयोगी पडतो. तीन-तीन महिन्यांनी एक अशा चार भेटींचा जो करार सर्रास विकला जातो, तो या दोन्हींपैकी एकाही गरजेत नीट बसत नाही. मात्र तोच करार तारखा बदलून घेतला तर चांगला उपयोगी पडतो. ते कसं, हे पुढे सांगतो.

तुमच्याकडे कुठलं झुरळ आहे ते बघा. दीड सेंटिमीटरच्या आतलं, फिकट तपकिरी आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेघा असलेलं असेल तर ते जर्मन झुरळ. त्याची पिल्लं काळपट असतात आणि पाठीवर फिकट पट्टा असतो. हे झुरळ गटारात राहत नाही. ते कपाटाच्या बिजागरीत, फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, सिंकखालच्या लाकडी जोडात राहतं आणि तिथेच वाढतं. साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचं, लालसर तपकिरी मोठं झुरळ असेल तर ते अमेरिकन झुरळ. ते बहुतेक वेळा ड्रेनेज लाइन आणि डक्टमधून वर येतं, फ्लॅटमध्ये मोठी वसाहत करत नाही. मोठं झुरळ महिन्यातून एखादं दिसत असेल तर वर्षाच्या कराराची गरज नाही. जाळ्या बसवा, पाइपाभोवतीची भोकं बुजवा. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नाहणी ट्रॅपमध्ये आठवड्याला एकदा पाणी ओता, कारण तिथलं पाणी आटलं की ड्रेनेजची वाट उघडी पडते. एवढ्यावर बहुतेक घरांचं काम भागतं, हवं तर बाहेरच्या डक्टमध्ये एकदा ट्रीटमेंट करून घ्यावी.

दिवा लावल्यावर स्वयंपाकघरात पळापळ होते असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मामला जर्मन झुरळाचा वाटतो. पैशाचा प्रश्नही खरा तिथेच येतो, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

या झुरळाचं चक्र समजलं की भेटींच्या तारखा आपोआप ठरतात. मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला धरून हिंडते. एका पिशवीत साधारण ३० ते ४० अंडी असतात. ती तीन-चार आठवडे ही पिशवी बाळगते आणि पिल्लं बाहेर यायच्या सुमारास टाकते. उबदार घरात पिल्लापासून पूर्ण झुरळ व्हायला सुमारे दोन महिने लागतात, थंडीत जास्त. एक मादी आयुष्यात अशा चार ते आठ पिशव्या देते.

फवारणी किंवा जेल, म्हणजे ठिपक्यांनी लावायचं विषारी आमिष, दोन्हींची अडचण याच पिशवीत आहे. तिच्या कवचातून औषध आत जात नाही. शिवाय पिशवी घेतलेली मादी फार बाहेर पडत नाही, खातेही कमी, म्हणून जेलपर्यंत ती उशिरा पोहोचते. मादी मेली आणि पिशवी कोवळी असेल तर अंडी वाळून जातात, कारण त्यांना ओलावा आईकडूनच मिळत असतो. पण पिशवी पिकत आलेली असेल तर मेलेल्या मादीच्या पिशवीतूनही पिल्लं निघू शकतात. म्हणजे पहिली भेट कितीही चांगली झाली तरी पुढच्या तीन-चार आठवड्यांत नवी पिल्लं दिसणारच. याचा अर्थ औषध फुकट गेलं असा नाही. ही पिल्लं मोठी होऊन स्वतः पिशवी धरायच्या आत त्यांना गाठणं हेच दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीचं काम आहे. दुसरी भेट १५ ते २० दिवसांनी आणि तिसरी ४० दिवसांच्या आसपास, हा हिशेब त्यातूनच येतो.

आता तीन महिन्यांच्या अंतराचा करार याच चक्रावर ठेवून बघा. पहिल्या दिवशी फवारणी झाली, बरीच झुरळं मेली, पण फ्रिजमागे पिशवी घेतलेल्या तीन माद्या वाचल्या असं धरू. महिन्याभरात त्या तिघींची मिळून शंभरेक पिल्लं होतात. ती इतकी लहान असतात आणि लपण्याच्या जागेपासून इतकी कमी हलतात की घरातल्यांना वाटतं, झुरळं गेली. अडीच-तीन महिन्यांनी त्यांतली पहिली फळी मोठी होऊन बाहेर पडते आणि त्याच सुमारास दुसऱ्या भेटीची तारीख येते. तंत्रज्ञ पुन्हा फवारतो, पुन्हा महिनाभर शांतता. असं चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं आणि प्रत्येक भेटीनंतर फरक दिसतो, म्हणून ग्राहकाला करार उपयोगी वाटत राहतो. झुरळांची पकड मात्र कधीच सैल होत नाही.

हा निव्वळ तर्क नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या सार्वजनिक घरांमध्ये वर्षभर केलेली एक तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. डीनी मिलर आणि फ्रँक मीक यांनी ती केली. काही घरांत दर महिन्याला नेहमीची फवारणी आणि पावडर, तर काही घरांत आधी व्हॅक्यूमने झुरळं ओढून काढून मग जेल, वाढ रोखणारं औषध आणि चिकट सापळ्यांवर देखरेख. दुसऱ्या पद्धतीचा पहिल्या महिन्याचा खर्च पाचपटीहून जास्त आला. पण चौथ्या महिन्यानंतर दोन्हींच्या खर्चात मोठा फरक उरला नाही, कारण झुरळं आटोक्यात आल्यामुळे बरीच घरं दर तीन महिन्यांच्या भेटीवर टाकता आली. सापळ्यात सापडणारी झुरळं दर घरामागे सरासरी २४.७ वरून चौथ्या महिन्यात ३.९ वर आली आणि वर्षअखेरपर्यंत पाचाच्या खालीच राहिली. दर महिन्याला फवारणी होणाऱ्या घरांत संख्या आधी जवळपास तेवढीच राहिली आणि उन्हाळ्यात सुमारे तिप्पट झाली. वर्षाला बारा भेटी देऊनही! पूर्ण वर्षाच्या सरासरीत दुसरी पद्धत महागच पडली, हेही सांगायला हवं. स्वस्त पद्धत मात्र कामच करत नव्हती.

म्हणून कुठलीही कंपनी ‘वर्षात इतक्या भेटी’ म्हणाली की मी आधी विचारतो, पहिल्या भेटीत माणूस किती मिनिटं घरात असेल आणि किती ग्रॅम जेल लावेल. दोन बेडरूमच्या घरात जर्मन झुरळांची बऱ्यापैकी लागण असेल तर नीट काम करायला तास-सव्वा तास लागतो, त्यातली ४० मिनिटं एकट्या स्वयंपाकघरात जातात. दहा मिनिटांत स्कर्टिंगवर पंप फिरवून निघणारी भेट करारातली असो की सुटी, तिच्यामुळे फार तर भिंतीच्या कडेने फिरणारी झुरळं मरतात. आत लपलेल्यांना ती पोहोचतच नाही.

जेलचं प्रमाणही सांगून ठेवतो. एक ठिपका ६-७ मिलिमीटर रुंद लावला तर साधारण ०.१ ग्रॅम होतो. हलकी लागण असेल तर असे २५-३० ठिपके, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास पुरतं. पळापळ दिसण्याइतकी लागण असेल तर ८० ते १०० ठिपके, म्हणजे आठ-दहा ग्रॅम लागतात. मोठे गोळे लावून उपयोग नाही. झुरळ दूरवर फिरायला जात नाही, म्हणून लपण्याच्या जागेपासून हातभर अंतरात ठिपका असला पाहिजे. जागा कुठल्या? बिजागऱ्यांच्या आत, ड्रॉवर काढून त्याच्या रेल्सच्या मागच्या टोकाला, सिंकखाली पाइप भिंतीत जातो त्या भोकाच्या कडेला, फ्रिजच्या मागे खाली मोटरजवळ पण गरम भागावर नाही, ओट्याच्या दगडाखालच्या जोडात, आणि दाराच्या चौकटीला फट असेल तर तिथे. जेल खाऊन मेलेलं झुरळ आणि त्याची विष्ठा लहान पिल्लं खातात, त्यामुळे औषध लपलेल्यांपर्यंतही थोडं जातं. फवारणीत हा फायदा जवळजवळ नसतो.

आता पैसा. भाव सगळीकडे वेगळे असतात, म्हणून एका सुट्या भेटीचा दर १०० धरू. तुम्हाला मिळालेले भाव याच पट्टीवर बसवून बघा. समजा चार भेटींचा वार्षिक करार २४० ला मिळतो. म्हणजे वर्षात तीन वेळा सुटी भेट घ्यावी लागणार असेल तर करार स्वस्त, दोन वेळा किंवा कमी असेल तर सुटी भेट स्वस्त. कंपनी जे गणित मांडते ते इथे संपतं.

यात तिसरा पर्याय घाला: तीन भेटींची सलग फेरी. पहिली लांब भेट १२०, पुढच्या दोन पाठपुराव्याच्या भेटी प्रत्येकी ६०. अशा भेटी आधीच ठरवल्या तर पूर्ण दराने पडत नाहीत, पण ते पहिल्याच दिवशी लेखी घ्यावं लागतं. झाले २४०. त्यावर चिकट सापळे, सीलंट आणि जाळ्या मिळून ३०. पहिल्या वर्षाचा खर्च २७०, म्हणजे करारापेक्षा थोडा जास्तच. पण दुसऱ्या वर्षी करारवाल्याला पुन्हा २४० भरावे लागतात, आणि फेरी यशस्वी झाली असेल तर तुम्हाला फक्त सापळ्यांचे ३०, किंवा सामानातून नवी लागण आली तर एका भेटीचे १०० अधिक. दोन वर्षांत करार ४८०, फेरी ३०० ते ४००. ‘दिसलं की बोलवू’ या मार्गात वर्षाला चार हाका धरल्या तर दोन वर्षांत ८००, आणि झुरळं तिथेच. परिणाम धरूनही ‘दिसलं की बोलवू’ हाच मार्ग सगळ्यात महाग आहे. कारण माणूस तेव्हाच बोलावतो जेव्हा झुरळं उघड दिसू लागतात, आणि दिवसाउजेडी दिसू लागली म्हणजे लपायच्या जागा भरून वाहू लागल्या आहेत. प्रत्येक वेळी काम शून्यापासून सुरू होतं.

फेरी कशी चालते ते एका नमुन्यावरून दाखवतो. पहिल्या भेटीच्या आधी सहा चिकट सापळे लावायचे आणि तीन रात्री ठेवायचे: सिंकखाली, फ्रिजमागे, वरच्या कपाटात, दोन्ही बाथरूममध्ये एकेक आणि मुख्य दाराजवळ एक. सापळा भिंतीला चिकटवून कोपऱ्यात ठेवा, कारण झुरळ कडेकडेने चालतं. मधल्या मोकळ्या फरशीवर ठेवलेला सापळा रिकामा राहतो आणि खोटा दिलासा देतो. या तीन दिवसांत घरात कुठलाही स्प्रे मारायचा नाही.

समजा सिंकखाली १४ सापडली, त्यातली ११ पिल्लं. फ्रिजमागे ९, त्यातली ६ पिल्लं. वरच्या कपाटात ३, एका बाथरूममध्ये १ मोठं, बाकी दोन रिकामे. एकूण २७, आणि त्यांपैकी २६ स्वयंपाकघरात. लहान पिल्लं फार लांब जात नाहीत, तेव्हा इतकी पिल्लं म्हणजे पैदास तिथेच, दोन-तीन फुटांच्या आत आहे. हे घर फेरीचं आहे. उलट सापळ्यात जवळजवळ सगळी मोठी झुरळं असती, तीही डक्टच्या भिंतीला, पाइपाच्या भोकाशी किंवा मुख्य दाराशी, आणि स्वयंपाकघराच्या आतले सापळे रिकामे असते, तर झुरळं शेजारून किंवा डक्टमधून येत आहेत असा अर्थ झाला असता. मग जेलच्या आधी सीलंट.

पहिल्या दिवशी ड्रॉवर काढून, फ्रिज पुढे ओढून, व्हॅक्यूमने दिसतील ती झुरळं, पिशव्या आणि विष्ठा ओढून घ्यायची. पाऊण-एक तासात नऊ ग्रॅम जेल लागतं. त्यासोबत वाढ रोखणारं औषध, म्हणजे हायड्रोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन, वापरता आलं तर चांगलंच. ते मारत नाही, पण पिल्लं प्रजननक्षम होत नाहीत. नंतर वाकड्या, मुडपलेल्या पंखांची झुरळं दिसली तर ते औषध पोहोचल्याची खूण समजा. सोळाव्या दिवशी नवे सापळे लावून वाचायचे: आठ सापडली, जवळपास सगळी बारीक पिल्लं. पिशव्या फुटल्या आहेत, नेमकं अपेक्षित तेच घडतंय. संपलेले आणि वाळलेले ठिपके बदलायचे, चारेक ग्रॅम लागतं. चाळिसाव्या दिवशी एक सापडलं, तेव्हा आणखी दोन ग्रॅम, या वेळी वेगळ्या सक्रिय घटकाचं. मग दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापळे लावायचे. दोन्ही वेळा शून्य आलं तर फेरी संपली. पुढे महिन्यातून तीन रात्री दोन सापळे पुरतात, सिंकखाली आणि फ्रिजमागे.

दुसऱ्या भेटीच्या वेळी आकडा खाली आलाच नसेल तर जेलकडे बघा, कारण तेच सांगतं काय बिघडलं. ठिपके फस्त झालेत आणि तरी झुरळं आहेत, तर जेल कमी पडलं. प्रमाण दुप्पट करा. ठिपके जसेच्या तसे, ताजे आहेत, तर त्यांनी तोंडच लावलं नाही. इथे सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे घरातल्या कुणीतरी त्यावर किंवा जवळपास डब्यातला स्प्रे मारलेला असतो. घरगुती स्प्रेमधली पायरेथ्रॉइड औषधं झुरळांना पळवतात, त्या जागेकडे ती फिरकत नाहीत. कंपनीच्या माणसानेही एकाच भेटीत जेल लावून वरून फवारणी केली तर तोच घोळ होतो. ‘दोन्ही करून देतो, डबल इफेक्ट’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. दुसरं कारण उघडं अन्न, कचऱ्याचा डबा, रात्रभर सिंकमध्ये पडलेली भांडी. एवढं खायला असताना जेलकडे ती उशिरा येतात. तिसरं कारण त्या झुरळांना आमिषच नको असतं. काही जर्मन झुरळांना ग्लुकोजचाच तिटकारा असतो आणि तो गुण पिल्लांत उतरतो, हे ज्युल्स सिल्व्हरमन यांनी १९९३ साली दाखवून दिलं होतं. अशा वेळी दुसऱ्या आमिषाचं जेल घ्यावं लागतं, त्याच कंपनीचं जास्त जेल लावून काही होत नाही.

ठिपके दोन-तीन आठवड्यांत कडक होऊन निरुपयोगी होतात ते गरम जागेवर आणि वारा लागणाऱ्या जागेवर. वर्षाला चार भेटींच्या कराराची आणखी एक कमजोरी यातून कळते: अशा जागी लावलेलं जेल पुढच्या भेटीपर्यंत टिकतच नाही.

औषध बदलण्याबद्दल थोडं. झुरळं फवारणीच्या औषधांना सरावलेली असणं आता नेहमीचं झालं आहे. पर्ड्यू विद्यापीठात मायकेल शार्फ यांच्या गटाने २०१९ साली दाखवलं की एका औषधाला तोंड देऊन वाचलेल्या झुरळांची पुढची पिढी त्याला आणि कधीकधी न वापरलेल्या दुसऱ्या औषधांनाही जास्त दाद देईनाशी होते. त्यामुळे गरज नसताना ‘करारात आहे म्हणून’ तिमाही फवारणी करून घेणं हा फुकट मिळणारा लाभ नाही. त्यातून तुमच्याच घरात टिकाऊ झुरळं निवडली जातात. सापळे शून्य असतील तर त्या भेटीत फवारणी नको म्हणा, फक्त तपासणी करून घ्या.

मग करार कधी घ्यावा? एक, शेजारच्या किंवा खालच्या-वरच्या फ्लॅटमध्ये जबर लागण आहे आणि तुम्ही तिथे काही करू शकत नाही. एकाच उभ्या रांगेतले फ्लॅट पाइपांनी जोडलेले असतात आणि झुरळं त्या वाटेने फिरतात. अशा वेळी सीलंट लावूनही अधूनमधून आत येणारच. इथे करार रास्त आहे, पण त्याहून कितीतरी चांगलं म्हणजे त्या रांगेतल्या सगळ्या फ्लॅटची एकाच आठवड्यात ट्रीटमेंट. सोसायटीने असा एकत्र करार केला तर माणशी खर्चही खाली येतो आणि कुणी एक घर साठा बनून राहत नाही. दोन, मुंग्या, कोळी, मोठी झुरळं असे वेगवेगळ्या मोसमात येणारे कीटक एकत्र सांभाळायचे आहेत आणि करारात मधल्या तक्रारीच्या भेटी खरोखर विनामूल्य आहेत. तीन, घर भाड्याने दिलेलं आहे, भाडेकरू बदलतात, आणि प्रत्येकाच्या सामानातून नवी लागण येण्याची शक्यता असते. चार, घरात कुणाला झुरळांमुळे दम्याचा त्रास आहे आणि संख्या शून्याजवळ ठेवायचीच आहे. तिथेही नियमित तपासणी मागा, नियमित फवारणी नको.

तुम्हाला करारच घ्यायचा असेल तर एकच बदल करून घ्या. चार भेटी तेवढ्याच ठेवा, तारखा मात्र पहिला दिवस, पंधरा ते वीसवा दिवस, चाळिसावा दिवस आणि मग सहावा किंवा सातवा महिना अशा लिहून घ्या. कंपनीचा खर्च बदलत नाही, माणूस चारदाच येतो. तुम्हाला मात्र करारात बसवलेली पूर्ण फेरी आणि वर एक तपासणी मिळते, तीही आपल्या पट्टीवर २४० मध्ये. जी कंपनी ‘आमच्या सिस्टीममध्ये तीन महिन्यांनीच तारीख पडते’ म्हणते, तिला तक्रारीच्या भेटींबद्दल विचारा. त्या विनामूल्य असतील तर पहिल्या भेटीनंतर पंधराव्या दिवशी तक्रार नोंदवूनही तेच साधता येतं.

करारात काय लिहिलंय ते वाचताना माझं लक्ष आधी ‘हमी’ या शब्दाकडे जातं. बहुतेक ठिकाणी हमी म्हणजे झुरळं दिसली तर माणूस पुन्हा येईल, एवढंच असतं, झुरळं जातील असं नसतं. म्हणून किती दिवसांत येईल आणि किती वेळा येईल हे दोन आकडे लिहून घ्या. प्रत्येक भेटीच्या पावतीवर वापरलेल्या औषधाचा सक्रिय घटक, त्याची टक्केवारी आणि जेल असेल तर ग्रॅम लिहायला लावा. ‘हर्बल’, ‘इंपोर्टेड’, ‘वास नसलेलं’ या शब्दांवरून औषध काय आहे ते कळत नाही. फिप्रोनिल ०.०५ टक्के, इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के, इंडॉक्साकार्ब ०.६ टक्के असं नाव आणि प्रमाण पावतीवर असेल तर पुढच्या वेळी बदल खरंच झाला की नुसती ट्यूबची कंपनी बदलली ते कळतं.

ढेकूण आणि वाळवी या दोन गोष्टी साध्या करारात बहुतेक नसतातच, आणि असल्या तरी त्यावर भरवसा ठेवू नका. ढेकणांची अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून त्यांना दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीन सलग भेटी लागतात आणि प्रत्येक वेळी पलंग पूर्ण उलगडावा लागतो. तिमाही भेटीने ढेकूण जात नाहीत. वाळवीचं काम तर वेगळंच आहे. भिंत-फरशीच्या सांध्यात ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात, ते एकदा करायचं असतं आणि त्याची हमी काही वर्षांची स्वतंत्र मागायची असते. डासांसाठी फ्लॅटच्या आत फवारणीचा करार घेऊ नका, साचलेलं पाणी काढणं आणि खिडक्यांना जाळ्या हाच उपाय.

तुमच्या बाबतीत मी असं करीन: या आठवड्यात सहा सापळे लावून तीन रात्रींनी मोजा. स्वयंपाकघरात पिल्लांसह जास्त सापडली तर तीन भेटींच्या फेरीचा आणि तारखा बदललेल्या कराराचा, असे दोन्ही भाव मागवा, आणि फरक १०० च्या पट्टीवर ३० च्या आत असेल तर करार घ्या, कारण त्यात एक तपासणी आणि तक्रारीच्या भेटी जास्त मिळतात. फरक त्याहून मोठा असेल तर फेरी. करार घेतलात तर नूतनीकरणाचा फोन यायच्या आधी, अकराव्या महिन्यात पुन्हा तेच सहा सापळे त्याच जागी लावा. शून्य किंवा एखादं मोठं झुरळ सापडलं तर नूतनीकरण नको, सापळे चालू ठेवा. दाराशी आणि पाइपाशीच मोठी झुरळं पुन्हापुन्हा सापडत असतील तर आधी त्या फटी बुजवून दोन आठवड्यांनी परत मोजा. आणि स्वयंपाकघरात पिल्लं सापडली, तर वर्षभर भेटी देऊनही पैदास थांबलेली नाही. त्याच कंपनीला त्याच पद्धतीचे पुढच्या वर्षाचे पैसे देऊ नका.